भाडेकराराच्या ई-स्टॅम्पची पीडीएफ आलीय, रविवारी सही आहे, साइटवर नंबर टाकला तर सापडतच नाहीये (बडोदा)

अमोल_मांजलपूर
नमस्कार मंडळी. पुण्याहून नोकरीसाठी बडोद्याला आलोय, मांजलपूरला टू बीएचके ठरवलाय, भाडं १६ हजार, डिपॉझिट ३२ हजार, अकरा महिन्यांचा करार. एजंटने काल व्हॉट्सअपवर तीनशे रुपयांच्या ई-स्टॅम्पची पीडीएफ पाठवली, म्हणाला रविवारी याच्यावर करार प्रिंट करून आणतो, तुम्ही फक्त सही करा आणि डिपॉझिट ट्रान्सफर करा. मी पहिल्यांदाच ई-स्टॅम्प बघतोय. खाली बारीक अक्षरात Statutory Alert लिहिलंय की हे सर्टिफिकेट shcilestamp.com वर तपासून घ्या, तर गेलो तिथे, राज्य गुजरात निवडलं, IN-GJ पासूनचा नंबर टाकला, तारीख १४ नोव्हेंबर २०२४ टाकली, चौकटीतली अक्षरं टाकली, तर असं सर्टिफिकेटच नाही म्हणतंय. तीनदा केलं. आता एजंटला काय बोलू? खोटं आहे का हे? की मीच काही चुकतोय?

किरण७७
अरे वरती क्यूआर कोड असेल ना, फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन कर, साइट उघडली आणि हिरवी टिक आली की झालं. मी माझ्या दुकानाच्या कराराला असंच केलेलं. नंबर टाइप करत बसायची गरज नाही.

दस्तवाले_काका
किरण, हे सांगू नकोस रे पोराला. क्यूआर कोड म्हणजे कागदावरचे काळे ठिपके, ते कोणीही बनवतं. ज्याने खोटं सर्टिफिकेट बनवलं त्याला खोटी साइट बनवून तिथे हिरवी टिक दाखवायला काय लागतं? कॅमेरा तुम्हाला कोड सांगेल तिथे घेऊन जातो, तिथे सगळं सेम दिसतं, लोगो पण सेम. क्यूआर स्कॅन करायचाच असेल तर ही ई-स्टॅम्पची साइट चालवणाऱ्या स्टॉक होल्डिंग कंपनीचं स्वतःचं ई-स्टॅम्पचं अॅप आहे, ते प्ले स्टोअरवरून घेऊन त्याच्यातून करायचा. नाहीतर पत्ता स्वतः हाताने टाइप करायचा, व्हॉट्सअपवर कोणी पाठवलेल्या लिंकवरून जायचं नाही.

अमोल, तू बरोबर साइटवर गेलास. "सापडत नाही" आलं म्हणजे खोटंच असं नाही, माझ्या अनुभवात दहातल्या बऱ्याच वेळा भरणाऱ्याचीच चूक असते. तू Stamp Duty Type मध्ये काय निवडलंस ते सांग आधी.

अमोल_मांजलपूर
काका, भाडेकरार आहे म्हणून मी यादीतून लीजवालं निवडलं, Article 30 Lease असं काहीतरी होतं.

दस्तवाले_काका
तिथेच अडकलास. करार कसला आहे ते तिथे विचारत नाहीत, सर्टिफिकेटवर काय छापलंय ते विचारतात. पीडीएफमध्ये Description of Document ची ओळ बघ, तिथे जे आर्टिकल लिहिलंय अक्षर न अक्षर तेच यादीतून निवडायचं. अकरा महिन्यांच्या भाडेकरारासाठी वेंडर लोक बऱ्याचदा Article 5(h) Agreement (not otherwise provided for) टाकतात. ते बरोबर की चूक हा वेगळा विषय, तपासताना मात्र छापलेलंच द्यायचं.

दुसरं, नंबर पीडीएफमधून कॉपी पेस्ट होत असेल तर तसा कर, टाइप करत असशील तर नीट बघ. IN मग डॅश मग GJ मग चौदा आकडे आणि शेवटी एक इंग्रजी अक्षर. लोक ते शेवटचं अक्षर सोडून देतात किंवा मधेच शून्याच्या जागी ओ टाकतात. चौदा आकड्यांत ओ येत नाही हे लक्षात ठेवलं की गडबड होत नाही. तारीख पण Certificate Issued Date समोरची घे, कराराची नाही.

श्रीकांत_ठाणे
मी पण हाच प्रॉब्लेम घेऊन बसलोय बरं झालं धागा निघाला. माझा ठाण्याचा फ्लॅट भाड्याने देतोय, एजंटने स्टॅम्प ड्युटी भरली म्हणून कागद पाठवलाय, MH ने सुरू होणारा मोठा नंबर आहे, तो मी या साइटवर टाकतोय तर घेतच नाही. म्हणजे माझा पण डुप्लिकेट आहे का? टेन्शन आलंय.

दस्तवाले_काका
श्रीकांतराव, टेन्शन नको. तुमच्याकडे ई-स्टॅम्प सर्टिफिकेट नाहीच आहे, तुमच्याकडे ग्रासचं चलन आहे. वर MTR Form Number-6 असं लिहिलेलं असेल आणि MH वाला जो नंबर आहे तो जीआरएन, म्हणजे त्या चलनाचा नंबर. महाराष्ट्र सरकारच्या तिजोरीत थेट भरलेली रक्कम असते ती, तिचा स्टॉक होल्डिंगच्या साइटशी संबंध नाही. तुम्ही gras.mahakosh.gov.in वर जाऊन चलन शोधा, भरणाऱ्याचं नाव आणि रक्कम जुळवा. आणि महाराष्ट्रात भाडेकरार रजिस्टर करावाच लागतो, तेव्हा सब रजिस्ट्रार ते चलन डिफेस करतात, म्हणजे परत कुठे वापरता येत नाही. करार व्हायच्या आधीच तुमचं चलन डिफेस झालेलं दिसलं तर मात्र लगेच एजंटला धरा.

श्रीकांत_ठाणे
हो हो MTR च आहे. धन्यवाद काका, जीव भांड्यात पडला. डिफेस झालेलं नाहीये, नाव पण माझंच आहे.

अमोल_मांजलपूर
काका तुमचं बरोबर निघालं, पीडीएफवर 5(h) वालंच आहे. ते निवडल्यावर सर्टिफिकेट सापडलं!! नंबर तोच, तारीख तीच, वेळ पण तीच ११:५२, रक्कम ३००. म्हणजे खरं आहे. उगाच त्या माणसावर संशय घेतला. सगळ्यांचे आभार, रविवारी सही करून टाकतो.

अॅड_मेघना
थांबा अमोल. सापडलं म्हणजे तो नंबर खरा आहे एवढंच कळलं. साइटवर खाली नावं आली असतील ती तुम्ही वाचलीत का? First Party, Second Party, Purchased by, या ओळी साइटवर काय आहेत आणि पीडीएफवर काय आहेत ते शेजारी शेजारी ठेवून वाचा. मोबाईलवर करू नका, खाली स्क्रोल करेपर्यंत वरचं विसरायला होतं, लॅपटॉपवर दोन खिडक्या उघडा.

आम्ही कोर्टात जे प्रकार बघतो त्यात पूर्ण बनावट नंबर क्वचित असतो, कारण तो लगेच पकडला जातो. खऱ्या सर्टिफिकेटची पीडीएफ घ्यायची आणि त्यातली नावं बदलायची, हे जास्त सोपं आहे आणि तुमच्यासारखा माणूस "सापडलं" वर खूश होऊन पेज बंद करतो.

किरण७७
मॅडम तीनशे रुपयांसाठी कोण एवढा उपद्व्याप करेल? एजंटला त्यात काय मिळणार

अॅड_मेघना
किरणदादा, एका कराराचे तीनशे. महिन्याला तीस करार करणारा माणूस प्रत्येकाकडून स्टॅम्पचे आणि टायपिंगचे पैसे घेतो आणि स्टॅम्प एकच विकत घेतो. तेलगीच्या वेळी खोटा कागद छापायला मशीन आणावी लागली होती, आता पीडीएफ एडिटर पुरतो.

अमोल_मांजलपूर
मंडळी हात थरथरतायत टाइप करताना.

लॅपटॉपवर दोन्ही उघडलं. पीडीएफवर First Party मालकांचं नाव, Second Party माझं नाव. साइटवर First Party एक प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आणि Second Party कोणी भलताच माणूस. Property Description पीडीएफवर RENT AGREEMENT आणि साइटवर SERVICE AGREEMENT. नंबर, तारीख, वेळ, आर्टिकल, रक्कम सगळं सेम.

मग मी पीडीएफ चारशे टक्के मोठी करून बघितली. बाकीच्या ओळींची अक्षरं कडेला थोडी पसरल्यासारखी आहेत, छापून स्कॅन केल्यासारखी, आणि माझ्या नावाची अक्षरं एकदम धारदार, काळी कुळकुळीत, आणि नावाच्या आधीचा तो कोलन आहे ना तो बाकीच्या कोलनच्या रांगेत नाहीये, केसभर खाली आहे. एकदा दिसल्यावर दिसतच राहतंय. आणि सगळ्यात कहर म्हणजे Stamp Duty Paid By समोर त्या कंपनीचंच नाव तसंच राहिलंय! मी काल ते वाचलं होतं पण मला वाटलं ते स्टॅम्प विकणाऱ्याचं नाव असेल. बदलणारा ती एक ओळ विसरला.

वैशाली_के
बापरे 😟 डिपॉझिट दिलं नाहीस ना अजून?

अमोल_मांजलपूर
नाही ताई, फक्त दोन हजार टोकन दिलंय, ते पण मालकांना थेट यूपीआयने. एजंटला कराराचे म्हणून आठशे द्यायचे होते, दिले नाहीत.

एजंटला फोन केला आत्ताच. तो जराही गडबडला नाही, म्हणे "साहेब नंबर असली आहे ना, चेक केलंत ना, मग झालं, नाव काय आपण आपलं टाकतो, अकरा महिन्याच्या कराराला कोण बघतं, सगळे असंच करतात". एवढ्या शांतपणे बोलला की मलाच वाटायला लागलं मी जास्त करतोय. खरंच सगळे असं करतात का? म्हणजे करार नोटरीकडे जाणार आहे, नोटरी तर बघेल ना?

दस्तवाले_काका
सगळे करत नाहीत. मी अडतीस वर्षं दस्त लिहिले, एकावर असं केलं नाही आणि माझ्या शेजारी बसणाऱ्यांनीही केलं नाही.

आता तुझ्याच सर्टिफिकेटच्या तळाशी ती अलर्टची ओळ पुन्हा वाच. तिथे स्पष्ट लिहिलंय की कागदावरचा तपशील आणि साइटवरचा तपशील यात फरक असेल तर सर्टिफिकेट अवैध, आणि खरं खोटं तपासायची जबाबदारी वापरणाऱ्याची. वापरणारा म्हणजे तू. उद्या डिपॉझिटवरून वाद झाला आणि तू हा करार पुढे केलास तर समोरचा वकील पहिल्यांदा हा नंबर साइटवर टाकणार. करार स्टॅम्प न भरलेला ठरला की पुराव्यात घेताना अडतो, मग भरायची राहिलेली ड्युटी आणि दंड, आणि तुझ्या बाबतीत तर वरून प्रश्न येणार की हे खोटं नाव कोणी टाकलं. सही तुझी असणार, एजंटची नसणार.

नोटरीचं म्हणशील तर नोटरी तुमची ओळख आणि सही बघतात. त्यांनी सर्टिफिकेट तपासावं असं मलाही वाटतं, चांगले तपासतात पण, पण त्यांच्या भरवशावर राहू नकोस.

किरण७७
काका मी माझा दुकानाचा करार आत्ता काढून साइटवर टाकला. जुळलं सगळं, नावं पण. सुटलो. क्यूआरचं बोललो ते मागे घेतो, तेव्हा मी कुठल्या साइटवर हिरवी टिक बघितली होती तेच आता आठवत नाहीये.

नितीन_पाटील_सुरत
माझी केस थोडी वेगळी आहे पण नावावरून चाललंय म्हणून इथेच विचारतो. माझं सर्टिफिकेट खरं आहे, वेंडरकडे समोर बसून काढलेलं, साइटवर पण सेम टू सेम. पण वेंडरने PATIL च्या जागी PATEL टाइप केलं. सुरतेत हे रोजचंच आहे, गॅस बुकिंगपासून कुरिअरपर्यंत सगळीकडे मी पटेल. आता साइटवर पटेल, कागदावर पटेल, आणि करारात आणि आधारवर पाटील. वेंडर म्हणतो काही होत नाही. करार मित्राला उसने दिलेल्या पैशांचा आहे, रक्कम मोठी आहे. काय करू?

अॅड_मेघना
एकदा सर्टिफिकेट निघाल्यावर त्यातलं एक अक्षरही वेंडर बदलू शकत नाही, आणि पेनाने खाडाखोड तर अजिबात करू नका, मग साइटशी न जुळणारा कागद तुम्ही स्वतःच तयार केला असं होईल. मी तुमच्या जागी असते तर करारात पहिल्या परिच्छेदातच लिहिलं असतं की अमुक नंबरच्या सर्टिफिकेटमध्ये आडनाव चुकून असं छापलं गेलंय आणि ती व्यक्ती मीच, आणि दोघांच्या सह्या त्याखाली.

दस्तवाले_काका
मेघनाताई, मला हे पटत नाही, मोठी रक्कम आहे म्हणतायत. नवीन काढा, जुन्याच्या परताव्यासाठी स्टॅम्प कलेक्टरकडे अर्ज करा. नवीन कागदाचे पैसे त्या रकमेपुढे काय आहेत. पटेल आणि पाटील हे गुजरातमध्ये एका अक्षराची चूक वाटत नाही, दोन वेगळी माणसं वाटतात.

अॅड_मेघना
काका नवीन काढणं सगळ्यात स्वच्छ हे मान्यच. पण करार सही होऊन गेलाय का ते नितीनजींनी सांगितलेलं नाही, सही झाली असेल तर परताव्याचा रस्ता बंद झाल्यासारखाच, मग माझंच करावं लागेल.

नितीन_पाटील_सुरत
सही झालीये मॅडम, गेल्या महिन्यात.

वैशाली_के
मला एक विचारायचंय. मला एचआरएसाठी करार एप्रिलपासूनचा हवाय, राहतेय एप्रिलपासून पण करार आता करतोय. एजंट म्हणतो करारावर एप्रिलची तारीख टाकू, स्टॅम्प आत्ताचा लावू. साइटवर तर सर्टिफिकेट बरोबर दाखवेल ना, मग चालेल?

दस्तवाले_काका
सर्टिफिकेट बरोबर दाखवेल आणि तुमचा करार चूक आहे हेही तेच दाखवेल. साइटवर तारीख आणि मिनिटासकट वेळ येते. नोव्हेंबरात निघालेल्या स्टॅम्पवर एप्रिलमध्ये सही कशी झाली याचं उत्तर कोणाकडे नसतं. सहीची तारीख आजचीच टाका, आणि आत अटीमध्ये लिहा की भाडेकरू अमुक तारखेपासून राहतोय आणि भाडं त्या तारखेपासून दिलंय. भाड्याचे बँकेतले व्यवहार तुमच्याकडे असतीलच.

अमोल_मांजलपूर
अपडेट. मालकांना सांगितलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं, वयस्कर आहेत, गुजराती शाळेतले निवृत्त मास्तर, त्यांनी चष्मा लावून दोन्ही कागद बराच वेळ बघितले आणि मग कपाटातून मागच्या भाडेकरूचा करार काढून आणला. तोही याच एजंटने केलेला. आम्ही तिथेच बसून नंबर टाकला. तेच. साइटवर नावं वेगळी. मास्तर काहीच बोलले नाहीत, पाणी प्यायले आणि म्हणाले उद्या आपण दोघं जाऊ आणि स्वतः काढू.

काढताना काय काय सांगायचं वेंडरला? परत चूक नको. नितीनभाऊंचं वाचून मला धास्तीच बसलीय.

दस्तवाले_काका
दोघांचे आधार घेऊन जा म्हणजे नावाचं स्पेलिंग तोंडी सांगायला नको. तो स्क्रीनवर भरत असताना प्रिंट द्यायच्या आधी मला वाचू द्या म्हण, बहुतेक जण देतात, नाही म्हणाला तर दुसरीकडे जा. First Party कोण आणि Second Party कोण हे करारात जसं असेल तसंच ठेव, उलटं झालं तर आभाळ कोसळत नाही पण कशाला. Stamp Duty Paid By मध्ये जो खरंच पैसे देणार त्याचं नाव.

आता महत्त्वाचं, Property Description मध्ये नुसतं RENT AGREEMENT लिहू देऊ नकोस. फ्लॅट नंबर, सोसायटीचं नाव, मांजलपूर, जेवढं बसेल तेवढं लिहून घे. कारण असं आहे की रजिस्टर होणाऱ्या दस्तात सब रजिस्ट्रार सिस्टिममध्ये ते सर्टिफिकेट लॉक करतात, दुसरीकडे वापरता येत नाही. तुझा अकरा महिन्यांचा करार सब रजिस्ट्रारकडे जाणारच नाही, म्हणजे तो नंबर कायम उघडाच राहणार. त्या कंपनीचं सर्टिफिकेट तुझ्या एजंटला कसं सापडलं असेल? असंच, उघडं पडलेलं, आणि आत मजकूर मोघम. पत्ता लिहिलेला असला की तो कागद तुझ्या फ्लॅटला चिकटतो.

किरण७७
काका पण मग साइटवर जुळलं तरी तोच स्टॅम्प आधी दुसऱ्या करारात वापरलाय की नाही हे कसं कळणार?

दस्तवाले_काका
नाही कळत. रजिस्टर न झालेल्या करारात तरी नाही. साइट एवढंच सांगते की हे सर्टिफिकेट या दिवशी, या लोकांसाठी, एवढ्या रकमेचं निघालं. कुठल्या करारावर चिकटलं ते तिला माहीत नसतं. ड्युटी पुरेशी भरली का हेही ती सांगत नाही. शंभर रुपयांचं सर्टिफिकेट पण साइटवर छान जुळतं, आणि गुजरातमध्ये शंभरचे तीनशे २०१९ च्या ऑगस्टपासून झालेत. अमोल, तुझ्या भाड्याला आणि मुदतीला नेमकी किती ड्युटी लागते ते उद्या वेंडरला नाही, वकिलाला विचार, वेंडर तू मागशील तेवढ्याचा देतो.

अॅड_मेघना
बरोबर. आणि अमोल, मूळ कागद स्वतःकडे किंवा मालकांकडे ठेवा, एजंटकडे नको. हे सर्टिफिकेट हरवलं तर डुप्लिकेट मिळत नाही. कराराच्या पुढच्या पानांवर वरती सर्टिफिकेटचा नंबर टाइप करून घ्या आणि प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या, म्हणजे पहिलं पान काढून दुसऱ्या करारावर लावता येणार नाही.

जुनी पीडीएफ डिलीट करू नका. व्हॉट्सअपवर ज्या मेसेजमध्ये आली तो मेसेज तसाच राहू द्या, साइटवरच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट काढा. तक्रार करायची तर स्टॅम्प ड्युटीच्या नायब कलेक्टरच्या ऑफिसात लेखी द्या, ज्या कंपनीचं नाव आलं तिलाही एक मेल टाका, तिच्या स्टॅम्पवर काय चाललंय हे तिला कळायला हवं.

अमोल_मांजलपूर
झालं काम. शनिवारी सकाळी मास्तर आणि मी गेलो. वकिलांनी ड्युटी सांगितली तेवढ्याचाच काढला. वेंडरने स्क्रीन फिरवून दाखवली, मास्तरांच्या नावात एक एच जास्त होता तो तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतला. प्रिंट हातात आल्यावर तिथेच बाकावर बसून फोनवर स्वतः पत्ता टाइप केला, आर्टिकल छापलेलं तेच निवडलं, पहिल्या झटक्यात सापडलं. मग मास्तर कागदावरून मोठ्याने वाचत होते आणि मी साइटवरून हो म्हणत होतो, नंबर, तारीख वेळ, आर्टिकल, फ्लॅटचा पत्ता, दोघांची नावं, पैसे कोणी भरले, किती भरले. Consideration Price समोर शून्य होतं, तेवढ्याला थांबलो, पण वेंडरने सांगितलं भाडेकरारात ते तसंच टाकतात. ते बरोबर आहे का काका?

सही रविवारी केली, डिपॉझिट दिलं. एजंटने फोन उचलणं बंद केलंय. मास्तर मागच्या भाडेकरूचा नंबर शोधतायत, त्यालाही सांगायचंय त्यांना.

दस्तवाले_काका
शून्य बऱ्याच सर्टिफिकेटवर असतं, मी स्वतः असतो तर भाड्याची किंवा डिपॉझिटची रक्कम टाकून घेतली असती, पण साइटवर पण शून्य आणि कागदावर पण शून्य म्हणजे जुळतंय. भाडं आणि डिपॉझिट करारात आकड्यात आणि अक्षरात लिहिलंय ना, ते बघ फक्त.

अमोल_मांजलपूर
हो दोन्ही लिहिलंय. तक्रारीचा अर्ज मास्तर गुजरातीत लिहून देतायत, सोमवारी देऊन येतो.

नितीन_पाटील_सुरत
माझं कोणी सांगा ना, सही झालेल्या करारात मेघना मॅडम म्हणतात तो परिच्छेद आता कसा घालणार? वेगळ्या कागदावर लिहून दोघांनी सही केली तर चालेल का, आणि त्या कागदाला परत नवीन स्टॅम्प लागेल का?

अॅड_मेघना
वेगळा दुरुस्तीचा लेख करता येतो आणि त्याला स्वतःचा स्टॅम्प लागेल असं मी धरून चालेन. पण मूळ करार वाचल्याशिवाय पक्कं सांगणार नाही. मित्र अजून सही करायला तयार आहे ना, ते आधी विचारून घ्या.